लालबागच्या चाळीतली भातशेती

आमच्या लालबागच्या चाळीत एकाही बिऱ्हाडाकडे पाव गुंठा जमीन नव्हती. खिडकीतल्या डालड्याच्या डब्यात तुळस आणि फार तर ओव्याचं एखादं रोप, एवढीच काय ती आमची शेती. तरीही १९७५-७६ च्या सुमारास दिवेलागणीला आमच्या मजल्यावरचे दहा-बारा बाप्ये, जॉबर मामांच्या खोलीत मांडीला मांडी लावून बसत आणि भाताला युरिया एकदम द्यावा की हप्त्याहप्त्यानं, यावर गंभीरपणे माना डोलावत. मामा गिरणीत वीव्हिंग खात्यात होते आणि लाकडी दाराच्या कपाटातला चाळीतला पहिला टीव्ही त्यांचा. कार्यक्रमाचं नाव होतं 'आमची माती आमची माणसं'.

त्याच खोलीत दुसऱ्या दिवशी बायका जमत, त्यांच्या हाती वही-पेन्सिल असे आणि पडद्यावर 'सुंदर माझं घर' असे. आज सदुसष्टाव्या वर्षी मागे वळून पाहताना मला त्या दोन कार्यक्रमांतलं एक साम्य फार स्पष्ट दिसतं, जे तेव्हा टीव्हीसमोर बसून दिसणं शक्य नव्हतं. दोन्हीकडे सांगितलेली गोष्ट एकदाच सांगितली जायची, काळ्या-पांढऱ्या चित्रात सांगितली जायची आणि ऐकणाऱ्याला ती दुसरीकडे कुठेतरी वाहून न्यायची असायची. कुणाला स्वयंपाकघरात, तर कुणाला थेट गावच्या बांधावर. या वाहतुकीत काय टिकायचं आणि काय सांडायचं, याचा एक धडा मी स्वतः घेतलेला आहे. तो पुढे सांगतो.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीचा तो उंच मनोरा आमच्या गच्चीवरून सरळ दिसायचा. इतक्या जवळ असूनही आमच्या टीव्हीत माणसामागे त्याची एक फिकट सावली उभी असायची. लाटा आसपासच्या उंच बांधकामांवर आपटून जराशा उशिरानं पोचल्या की असं दुहेरी चित्र येतं. आम्ही सरळ 'भूत आलं' म्हणायचो आणि एकजण गच्चीत जाऊन अँटेना फिरवायचा. खालून 'आलं... गेलं... आलं' असा घोष चाले.

मुंबईसारख्या शहराच्या केंद्रावर शेतकऱ्यांचा कार्यक्रम कशाला, असा प्रश्न तेव्हा आम्हा कॉलेजकुमारांनाही पडे. त्याला इतिहास आहे. दिल्लीहून 'कृषि दर्शन' २६ जानेवारी १९६७ ला सुरू झालं होतं, तेही दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत सार्वजनिक संच ठेवून. त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं स्थापली होती. आठवड्यातून दोनदा ऐकायचं, ऐकून झाल्यावर चर्चा करायची, मग करून पाहायचं. म्हणजे शेतकऱ्याशी यंत्रातून बोलायचं कसं, याचं शिक्षण महाराष्ट्रानं रेडिओवरच घेतलं होतं. मुंबईला टीव्ही आला ते वर्ष तर भीषण दुष्काळाचं. रेशनवर लाल मिलो मिळत होता, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. अशा वेळी सरकारी माध्यमानं शेत आणि स्वयंपाकघर यांकडे पाहिलं नसतं तरच नवल.

पण एक गंमत होती. वरळीचं चित्र ठाणे, कुलाबा जिल्ह्यांच्या जवळच्या भागात दिसे. १९७३ मध्ये सिंहगडावरून पुण्याची सोय झाली. त्यापलीकडचं कोकण, सातारा-सांगलीची खेडी, कोल्हापूर, हे सगळं त्या काळी अंधारातच. आणि गिरणगावातली माणसं तर नेमकी तिथली! आमच्या मजल्यावर मालवण-कणकवलीकडचे, चिपळूण-संगमेश्वरचे आणि पाटण-कराडकडचे. म्हणजे कार्यक्रम ज्यांच्यासाठी होता त्यांच्या घरी टीव्ही पोचत नव्हता, आणि ज्यांच्या घरी पोचत होता ते दिवसभर माग चालवत होते. कामगारांसाठी 'कामगार विश्व' नावाचा वेगळा कार्यक्रम होता. आमचे मामा त्या वेळी खुशाल चहा प्यायला खाली जात. म्हणत, "कामगार म्हणजे काय ते मला ठाऊक हाये. दिवसभर तेच तर करतो."

वेळेचाही असाच उलटा योग. दिवेलागणी म्हणजे खेड्यात गुरं गोठ्यात यायची, धारा काढायची वेळ. शेतकरी टीव्हीसमोर बसणार कसा? उलट पहिल्या पाळीचा गिरणी कामगार तोवर घरी येऊन, आंघोळ उरकून मोकळा झालेला असे. दुसऱ्या पाळीला असलेल्यांचा मात्र आठवडाच्या आठवडा कार्यक्रम हुके. मग ते मध्यरात्री परत आल्यावर नळापाशी पाय धुता धुता विचारत, "काय सांगितलं रे आज?"

आता या कार्यक्रमाच्या माणसांविषयी. शिवाजी फुलसुंदर हे 'आमची माती आमची माणसं'चे निर्माते. त्यातलं सर्वांच्या तोंडी बसलेलं सदर म्हणजे 'गप्पागोष्टी'. राजा मयेकर, माया गुजर ही मंडळी त्यात असायची. राजा मयेकर गिरणगावाला नवे नव्हते. शाहीर साबळ्यांच्या लोकनाट्यांतून, 'यमराज्यात एक रात्र'सारख्या प्रयोगांतून, आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना पोटभर हसून पाहिलेलं होतं. त्यामुळे ते पडद्यावर आले की अर्धी खोली आधीच हसायच्या तयारीत असे आणि त्या हसण्याच्या ओघात बियाणं, खत, फवारणी असली कडू गोळी गिळून टाकी.

मी पुढे कादंबऱ्या लिहू लागलो, संवाद लिहिताना अडखळू लागलो, तेव्हा मला 'गप्पागोष्टी'तली कारागिरी कळली. गावातली चार माणसं पारावर बसल्यासारखी बोलताहेत. एकाला सगळं ठाऊक आहे. दुसरा अर्धवट ऐकतो आणि चुकीचं समजतो. तो चुकला की लोक हसतात, आणि ज्याला ठाऊक आहे तो तेच पुन्हा सांगतो, या खेपेला जरा वेगळ्या शब्दांत. प्रेक्षकाला वाटतं विनोद झाला. प्रत्यक्षात मात्र औषधाचं प्रमाण दुसऱ्यांदा सांगून झालेलं असतं. पुस्तकाचं पान उलटून मागे जाता येतं. त्या काळच्या टीव्हीत मागे जाता येत नव्हतं, थांबवता येत नव्हतं, पुढच्या आठवड्यात तोच भाग पुन्हा लागेल याची हमी नव्हती. विसराळू पात्र हे त्या अडचणीवरचं औषध होतं. आपल्या वतीनं कुणीतरी मठ्ठपणा पत्करायचा, म्हणजे आपल्याला विचारायची लाज वाटत नाही.

दुसरी अडचण रंगाची. भाताचं पान पिवळं पडलं तर नत्र कमी पडलं असावं आणि त्यावर तांबूस-तपकिरी ठिपके आले तर जस्ताची कमतरता किंवा एखादा रोग असू शकतो, हे शेतकऱ्याला ओळखता यायला हवं. पण काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पिवळं पान म्हणजे फिकट राखाडी आणि तपकिरी ठिपका म्हणजे गडद राखाडी. सारा रोग राखाडी! चित्र दाखवून भागणार नव्हतं, रंग शब्दांत सांगावा लागे: जुनी, खालची पानं आधी पिवळी पडतात की कोवळी, वरची? टोकाकडून सुरुवात होते की मधल्या शिरेपासून? नत्र कमी असेल तर खालचं जुनं पान आधी पिवळं पडतं, कारण झाड तिथलं नत्र काढून वरच्या कोवळ्या पानाला पुरवतं. असं सांगितलं की रंग दिसला नाही तरी खूण पक्की होते. हल्ली रंगीत छायाचित्र मोबाइलवर येतं आणि माणूस नुसता रंग जुळवून पाहतो. कुठलं पान आधी, हे विचारायचं राहून जातं.

आता माझी गोष्ट. १९७६ चा मे महिना. मी अठरा वर्षांचा, कॉमर्सला, चाळीतला 'शिकलेला' म्हणून मिरवणारा. आमचं गाव कणकवलीजवळ, तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यात होतं. तिथे माझे धाकटे काका एकरभर भातशेती करत. तरव्याच्या, म्हणजे रोपवाटिकेच्या, पेरणीची वेळ जवळ आली होती आणि त्या संध्याकाळी विषय निघाला मिठाच्या पाण्यातून भाताचं बियाणं निवडण्याचा.

पद्धत सोपी आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवायचं. त्यात बी सोडायचं, हातानं ढवळायचं आणि पाणी स्थिर होऊ द्यायचं. भरलेले दाणे तळाशी बसतात, पोचट आणि अर्धवट भरलेले वर तरंगतात. तरंगणारे काढून टाकायचे. तळाचे दाणे काढून स्वच्छ पाण्यानं दोन-तीन वेळा धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. त्यानंतर किलोला अडीच-तीन ग्रॅम थायरमसारखं बुरशीनाशक चोळायचं.

साध्या पाण्यात हे का करायचं नाही? कारण साध्या पाण्यात निव्वळ फोलपटं तेवढी तरंगतात. अर्धवट भरलेला दाणा भिजला की बुडतो आणि चांगल्यांत मिसळून जातो. मीठ घातलं की पाणी किंचित जड होतं आणि त्या अर्धवट दाण्याला वर उचलून धरतं. अर्धवट दाण्यातूनही कोंब येतो, ही खरी फसवणूक. पण त्याच्या पोटात शिदोरी कमी, म्हणून रोप मरतुकडं निघतं आणि लावणीच्या वेळी तरवा लहान-मोठा होतो. उलट मीठ फार झालं तर चांगला दाणाही तरंगू लागतो. गेल्या हंगामातलं निवडलेलं, चांगलं सुकलेलं बी असताना जर वर जाडसर थर आला, तर बियाण्याला नाव ठेवण्याआधी मिठाचं माप पुन्हा पाहावं.

मला हे ऐकून स्फुरण चढलं. काकांकडे तराजू होता, पण लिटरचं माप कुठून असणार? त्यांच्याकडे होता घासलेटाचा रिकामा पत्र्याचा डबा. तो साधारण अठरा लिटरचा. दहाला तीनशे तर अठराला किती? मी तिथल्या तिथे पेन्सिलीनं गुणाकार मांडला. पाचशे चाळीस ग्रॅम! म्हणजे डबाभर पाण्याला अर्ध्या किलोहून थोडं जास्त. मान वर केली तोवर कार्यक्रम संपत आला होता. रात्री मी अंतर्देशीय पत्र काढलं, 'तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष' लिहून सगळी पद्धत उतरवली. डब्याचा हिशेब तर असा खुलवून लिहिला की निम्मं पत्र त्यातच गेलं. शेवटी ओळ मुडपून चिकटवायच्या जागेपर्यंत अक्षर बारीक करत नेलं. पत्र टाकलं आणि मोठी देशसेवा केल्यासारखा झोपलो.

जूनच्या अखेरीस काकांचं उत्तर आलं. चिरंजीवास अनेक आशीर्वाद, आणि मग खाली बातमी. तरवा विरळ उगवला होता, ठिकठिकाणी टक्कल पडलं होतं.

काका शाळा चौथीच शिकलेले, पण त्यांनी एक गोष्ट माझ्यापेक्षा शहाणपणाची केली होती. त्यांनी सगळं बी माझ्या पत्राच्या हवाली केलं नव्हतं. अर्धं मिठाच्या पाण्यातून काढलं, अर्धं दरवर्षीसारखं सुपात पाखडून घेतलं आणि एकाच वाफ्यात मधे काठी पुरून दोन बाजूंना पेरलं. पाखडलेल्या बाजूला तरवा नेहमीसारखा आला. मिठाच्या बाजूलाच खोट. जमीन तीच, पाऊस तोच, जातही तीच. तेव्हा दोष बियाण्यात नाही, करणीत आहे, हे त्यांनी ओळखलं. मग मडक्यात उरलेले मिठातले चार दाणे त्यांनी जिभेवर ठेवून पाहिले. खारट लागले.

गणपतीला मी गावी गेलो तेव्हा त्यांनी माझ्यापुढे तेच पत्र उलगडून धरलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मागसून पाण्यान धुवूक होया, ह्या तू लिवलंसच नाय."

खरंच नव्हतं लिहिलं. धुण्याचं टीव्हीवर सांगितलं गेलं तेव्हा मी गुणाकार करत होतो. न धुतलेल्या दाण्याचं टरफल वाळताना मीठ धरून ठेवतं. पेरल्यावर लगेच दणदणीत पाऊस झाला असता तर ते वाहूनही गेलं असतं. पण त्या वर्षी आमच्याकडे पहिल्या सरीनंतर उघडीप पडली, दाणा जेमतेम ओल्या मातीत खारटलेला पडून राहिला आणि कोंब गुदमरला. लावणीला रोपं कमी पडली. काकांनी शेजारच्यांकडून तरवा मागून आणला. शेतकऱ्याला तरवा मागायला लागणं ही फार लाजेची गोष्ट असते. ते त्यांनी मला सांगितलं नाही, काकीनं सांगितलं.

दुसऱ्या वर्षी काकांनी तीच पद्धत पुन्हा केली, तीनदा धुवून, आणि पुन्हा मधे काठी पुरून. या खेपेला मिठाची बाजू सरस निघाली, तरवा एका उंचीचा. पुढे त्यांनी काठी पुरणं सोडून दिलं. तरी ते एक वाक्य नेहमी ऐकवत: मिठानं पोचट दाणा जातो, रोग जात नाही आणि हलकी जात भारी होत नाही. लोकांना वाटायचं एकदा मिठातून काढलं की सगळं झालं.

त्या प्रसंगानंतर मी टीव्हीसमोर कधीच हिशेब केला नाही. आधी सगळं ऐकून घ्यायचो, कार्यक्रम संपल्यावर मामांना परत सांगायचो, आणि मामा मुद्दाम चुकीचं समजून घ्यायचे. त्यांना 'गप्पागोष्टी'तली ती भूमिका मनापासून आवडलेली होती.

बायकांनी मात्र ही युक्ती आमच्या आधीच शोधून काढली होती. 'सुंदर माझं घर' म्हटलं की माझ्या पिढीला सुहासिनी मुळगावकर आठवतात. संगीत नाटकांचे एकपात्री प्रयोग करणाऱ्या या बाई. उच्चार असे स्वच्छ की 'वाटीभर' म्हटलं की वाटी दिसावी. 'प्रतिभा आणि प्रतिमा'मधून त्या साहित्यिकांना बोलतं करत आणि 'सुंदर माझं घर'मध्ये गृहिणींशी बोलत. माझी गिरगावातली मावशी म्हणे, "त्या आपल्याला काही शिकवतायत असं वाटतच नाही, आपल्याकडे हळदीकुंकवाला आल्यात असं वाटतं." गिरगावातल्या तिच्या चाळीतही टीव्ही एकाच घरी, आणि ते घर सोवळ्याचं, त्यामुळे चपला-बिपला सोडाच, पाय धुऊन आत यायचा दंडक होता.

आमच्या लालबागेत पद्धत अशी. पाककृती सुरू झाली की आई साहित्य लिहून घेई आणि शेजारच्या पाटणकरीण काकू कृती लिहीत. दोघींनी दोन्ही लिहायचं म्हटलं तर काहीच पुरं होत नसे, कारण लिहिणारा हात आणि पाहणारा डोळा यांचं जमत नाही. तिसरी एक जण काहीच लिहीत नसे, ती फक्त पाहत असे. कढई केव्हा उतरवली, झाकण केव्हा ठेवलं, हे तिच्या ध्यानात. कार्यक्रमानंतर तिघी गॅलरीत उभ्या राहून आपापलं जुळवून घेत. काका असते तर माझ्याऐवजी या तिघींकडूनच पत्र मागवलं असतं त्यांनी.

इथेही रंगाची तीच पंचाईत. 'कांदा गुलाबी होईपर्यंत परता' हे वाक्य काळ्या-पांढऱ्या पडद्यावर निरुपयोगी. कांदा गुलाबी, बदामी, आणि करपायच्या बेतात आलेला, हे सगळे तिथे राखाडीचेच प्रकार. म्हणून सांगणारीनं आवाज आणि वास यांचा आधार घ्यावा: कांद्यातलं पाणी आटलं की तडतड कमी होते, कडेला तेल सुटू लागतं, कच्चा उग्र वास जाऊन गोडसर वास येतो. माझी आई जन्मभर कांदा कानानं परतत आली. मी तिला कढईत डोकावताना फारसं पाहिलेलं नाही. उलट काही गोष्टी काळ्या-पांढऱ्यात रंगीतपेक्षाही छान दिसत. पाकाची तार त्यातलीच. अंगठा आणि तर्जनीत पाकाचा थेंब धरून बोटं हळूच दूर केली की काळ्या पार्श्वभूमीवर ती एक चमकती रेघ ताणली जाई, आणि एकतारी आणि दोनतारी पाकातला फरक लहान पोरालाही कळे. बाईंच्या साडीच्या रंगावरून मात्र आमच्याकडे पैजा लागत, ज्यांचा निकाल कधीच लागला नाही.

काही गोष्टी आमच्या घरांना लागू नव्हत्या, हेही सांगायला हवं. भट्टीत भाजायचा पदार्थ आला की बायका एकमेकींकडे पाहत. दहा बाय बाराची खोली, एक वातीचा स्टोव्ह, मोरीला लागून ओटा. मग पातेल्यात वाळूचा थर, त्यावर केकचा डबा आणि झाकणावर निखारे, असं आपलं रूपांतर होई. वाळू नीट तापवून घेतली नाही तर केक खालून कच्चा राहतो आणि घाई करून स्टोव्ह मोठा केला तर कडेनं करपून मधे गिच्च होतो. म्हणून मधोमध सुई घालून ती कोरडी बाहेर येते का हे पाहायचं. हे ज्ञान टीव्हीनं दिलेलं नव्हतं. ते गॅलरीत तयार झालं.

पुढे मी बँकेत लागलो आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यातल्या एका शाखेत पीककर्जाच्या टेबलावर बसलो. इथे वरळीचं चित्र दिसत होतं. म्हणजे हा कार्यक्रम ज्यांच्यासाठी खरोखर होता ते शेतकरी मला पहिल्यांदा तिथे भेटले. अर्ज भरता भरता मी मोठ्या उत्साहानं 'आमची माती'चा विषय काढी. एका म्हाताऱ्या खातेदारानं माझी हवा काढून घेतली. म्हणाला, "साहेब, बघतो ना. पण त्यात उसाचं आणि द्राक्षाचं निघालं की आम्ही उठतो. आणि भाताचं निघतं तेव्हा आम्ही गोठ्यात असतो." तक्रार रास्त होती. एका केंद्राला किनाऱ्याच्या खाजणापासून देशावरच्या काळ्या रानापर्यंत सगळ्यांशी बोलायचं असेल, तर एकाच्या कामाचं बोलणं दुसऱ्याला गप्पाच वाटणार.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने जॉबर मामांच्या खोलीत गर्दी उलट वाढली, कारण पाळ्याच राहिल्या नव्हत्या. मग खोल्यांना एकेक कुलूप लागत गेलं. माणसं गावी जाऊ लागली. पाटणकर काकाही गेले, काकूंना आणि मुलांना घेऊन. नऊ वर्षं न चुकता शेतीचा कार्यक्रम पाहिलेला हा माणूस आता खरोखरीच शेती करायला निघाला होता. वाट्याला दीड एकर जिरायत जमीन आणि विहिरीत भाऊबंदांचा हिस्सा. निघताना मामा म्हणाले, "आता तू दाखव आम्हाला."

वर्षभरानं त्यांचं पत्र आलं. ते आईला वाचून दाखवताना मी मधेच थांबलो होतो. त्यांनी सुधारित बियाणं घेतलं होतं, बीजप्रक्रिया केली होती, ओळीत पेरलं होतं, सगळं शिकल्याप्रमाणे. ऐन फुलोऱ्यात पाण्याची पाळी त्यांना मिळाली नाही आणि खताचा दुसरा हप्ता घ्यायला हातात पैसा नव्हता. सुधारित वाणाचा हाच स्वभाव. वेळेवर पाणी आणि खत मिळालं तर तो दुप्पट देतो, न मिळालं तर गावठी वाणाइतकंही देत नाही. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "टीव्हीवरच्या शेतकऱ्याला स्वतःची विहीर होती, ते त्या वेळी ध्यानात आलं नाही." मी तेव्हा पीककर्ज मंजूर करणाऱ्या टेबलावर होतो. दीड एकर जिरायतीवर, भाऊबंदांच्या सहीशिवाय, आमच्या नियमांत त्यांना किती कर्ज बसलं असतं, हे मला पत्र वाचता वाचताच समजलं होतं.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९८२ पासून, दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रंग आला, नोव्हेंबरात एशियाड झालं. १९८४ च्या ७ जुलैला 'हम लोग' सुरू झालं आणि गावोगावी लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहू लागली. आमच्या कणकवलीकडेही पुढे चित्र पोचलं. 'आमची माती आमची माणसं' सह्याद्री वाहिनीच्या काळातही पुष्कळ वर्षं चालू राहिला. पण काकांच्या घरी टीव्ही आला तेव्हा ते संध्याकाळी मालिका बघत. मी एकदा विचारलं, शेतीचं बघत नाही का? ते म्हणाले, तो कार्यक्रम तू बघायचास म्हणून मला ठाऊक होता.

राजा मयेकर २०२० मध्ये गेले. सुहासिनीबाई त्याच्या पुष्कळ आधी. त्या काळातलं बरंचसं थेट प्रक्षेपित व्हायचं आणि टेपा महाग असल्यामुळे त्यांवर पुन्हा पुन्हा मुद्रण व्हायचं, तेव्हा आज शोधायला गेलं तर फार हाती लागत नाही. माझ्याकडे उरली आहे ती आईची वही, दोनशे पानी, पुठ्ठ्याला तेलाचे डाग पडलेली. परवा सून म्हणाली, आजींच्या वहीतलं काहीतरी करूया. तिनं एक पान उघडलं. वर तारीख आहे, खाली पदार्थाचं नाव, मग साहित्य: दोन वाट्या रवा, एक वाटी साखर, पाऊण वाटी तूप, आंबट दही अर्धी वाटी, सोडा चिमूटभर. त्याखाली आईच्या अक्षरात फक्त एक ओळ आहे: कृती पाटणकरीणबाईंकडे.